ग्राहक ऑडिट, देखणी क्वालिटी इंजिनिअर आणि "साहेब कुठे आहेत?"

सातपूरकर (धागाकर्ता)

अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात एचआर पाहतो. प्रश्न आमच्या एका क्वालिटी इंजिनिअरचा आहे. तिला विचारूनच, ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून लिहितोय.

चार वर्षांचा अनुभव. ग्राहकाच्या तक्रारी तीच हाताळते. दिसायला अतिशय देखणी आहे. एरवी हे लिहिलं नसतं, पण प्रश्नच त्यावरून आहे. चाकणहून ऑडिटर येतात, तिच्याशी हसून बोलतात, कुठल्या कॉलेजच्या वगैरे चौकशा करतात. कंट्रोल प्लॅन उघडला की मात्र प्रश्न तिच्या शेजारी बसलेल्या, दीड वर्षाचा अनुभव असलेल्या मुलाला. तो तिच्याकडे बघतो, ती उत्तर देते, पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. मग शेवटी "साहेब कुठे आहेत?"

अप्रेझलमध्ये तिच्या मॅनेजरने लिहिलंय, "प्रभावी व्यक्तिमत्त्व, ग्राहकांशी उत्तम संबंध." वर्षातल्या सगळ्यात मोठ्या तक्रारीचं मूळ कारण तिने शोधलं, त्याचा उल्लेख नाही. तिचं स्वतःचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, "कौतुक भरपूर होतं, चूक मात्र कोणी दाखवत नाही."

तिला समुपदेशनाला पाठवा असं सुचवू नका, ते सुचवून झालंय. कंपनीने काय बदलायचं ते सांगा.

तिखट_मिसळ

मालक, उलटी गंगा. देखण्या माणसांना पगार जास्त मिळतो हे अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी आकडे काढून दाखवलंय. हॅमरमेश आणि बिडल, १९९४. सर्वसाधारण चेहऱ्याच्या माणसापेक्षा कुरूप मानल्या गेलेल्याला ५ ते १० टक्के कमी, आणि देखण्याला त्याहून थोड्या कमी फरकाने जास्त. तिला नोकरीच कदाचित चेहऱ्यामुळे लागली असेल. आता ऑडिटरने प्रश्न विचारला नाही म्हणून धागा? कॉलेज रोडवर शंभर जणी जागा बदलून घ्यायला तयार होतील.

गोदाकाठ

मिसळराव, अभ्यास बरोबर सांगितलात, पण अर्धाच कामाचा. तो सगळ्या नोकऱ्यांची सरासरी सांगतो. इथे प्रश्न एका नोकरीचा आहे.

औद्योगिक मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर. हेलमन आणि सारुवातारी यांनी १९७९ मध्ये तोच अर्ज वेगवेगळ्या फोटोंसह लोकांपुढे ठेवला. देखण्या पुरुषाला कारकुनी आणि व्यवस्थापकीय, दोन्ही जागांसाठी फायदा झाला. देखण्या बाईला कारकुनी जागेसाठी फायदा झाला, व्यवस्थापकीय जागेसाठी तोटा. २०१० मध्ये जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हे आणखी नीट तपासलं. तोटा दिसला तो नेमक्या अशा कामांत, जी पुरुषी समजली जातात आणि जिथे दिसण्याचा कामाशी संबंध नाही असं लोक मानतात. त्यांच्या यादीत मेकॅनिकल इंजिनिअर होता.

म्हणजे यंत्रणा अशी. बघणाऱ्याच्या डोक्यात त्या कामाचं एक चित्र असतं. क्वालिटी म्हटलं की खिशात व्हर्नियर, कपाळाला आठ्या, पन्नाशीचा माणूस. देखणी बाई त्या चित्रापासून जास्तीत जास्त लांब पडते. ती अकुशल आहे असं कोणी ठरवून मानत नाही. तांत्रिक प्रश्न विचारताना नजरच आपोआप चित्राच्या जवळच्या माणसाकडे जाते. हीच मुलगी रिसेप्शनला किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या वायनरीत पाहुण्यांना टेस्टिंग देत असती, तर तुमचे टक्के लागू झाले असते.

रूपगंध

ताईंना माझा निरोप द्या. केस घट्ट बांधा, काजळ नको, कॉटनचे गडद रंग, झीरो नंबरचा चष्मा. लिपस्टिक लावायचीच तर त्वचेच्या रंगाची. लोक आपोआप गंभीरपणे घेतात. घरगुती लेपांची माझी वेगळी मालिका आहे, तिथेही या.

गेजवाला

रूपगंधताई, शॉपफ्लोअरवर सगळ्यांना तोच राखाडी गणवेश, टोपी, सेफ्टी शूज आणि गॉगल असतो. केसही टोपीत. एवढ्या वेषात हे घडतंय, तेव्हा काजळ पुसून काय होणार? आणि चेहरा लपवायची जबाबदारी तिच्यावर टाकली की अप्रेझल लिहिणारा मोकळा.

सातपूरकर, तक्रारीचा तपशील सांगता येईल का? कुठला पार्ट, कुठलं डायमेन्शन? तक्रार बंद करताना ग्राहकाला जातो त्या आठ टप्प्यांच्या एट-डी रिपोर्टवर नाव कोणाचं होतं? त्यावर बरंच अवलंबून आहे.

सातपूरकर

स्टीलची बुश, बोअर १२ मिमी एच-७. महिन्याला साधारण ८०,००० नग जातात. ग्राहकाकडून महिन्याला ९६ परत यायचे, म्हणजे दहा लाखांत १२००, १२०० पीपीएम. आता २४, म्हणजे ३००. रिपोर्टवर "तयार करणार: क्वालिटी विभाग" आणि खाली मॅनेजरची सही.

गेजवाला

मग गळती तिथेच आहे. आधी तिने काय शोधलं असेल ते सांगतो, चुकलो तर ती दुरुस्त करेल. १२ एच-७ म्हणजे बोअर १२.००० ते १२.०१८. ग्राहकाकडे किमान मापाचा गो प्लग आत जात नव्हता ना? इथे एअर गेजवर मात्र सगळं ओके. असं दिसलं की मी पहिल्यांदा तापमान बघतो. गेज जिच्यावर सेट करतात ती मास्टर रिंग, गेज रूमच्या एसीत, पार्ट मशीनवरून नुकता उतरलेला. फरक १५ अंशांचा धरला, तर १२ मिमीच्या स्टील बोअरमध्ये जवळपास २ मायक्रॉन पडतात. गरम असताना १२.००१ दाखवणारा बोअर थंड झाला की ११.९९९. इथे पास, तिथे फेल. आणि हे फक्त खालच्या मर्यादेला चिकटलेल्या नगांचं होतं, म्हणून ८०,००० मध्ये ९६च.

सातपूरकर

तिला दाखवलं. म्हणाली, "हेच. फक्त आमचा फरक १२-१३ अंशांचा होता." आता नग रॅकवर अर्धा तास ठेवून मोजतात, मास्टर रिंगही मशीनजवळ आणली, आणि खालची स्वीकार-मर्यादा ३ मायक्रॉनने वर घेतली.

गेजवाला

उत्तम काम आहे. आणि अप्रेझलमध्ये काय आलं, "ग्राहकांशी उत्तम संबंध". पीपीएम पाऊण टक्का नाही, पाऊण हिश्शाने उतरला आणि श्रेय हसण्याला!

आता काय बदलायचं ते. एट-डीमध्ये डी-१ म्हणजे टीम. तिथे विभागाचं नाव लिहायचं नाही, माणसांची नावं लिहायची आणि कोणी काय केलं तेही. डी-४ म्हणजे मूळ कारण. त्याच्या खाली एक ओळ वाढवा: "पडताळणी कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगाने." तिच्या बाबतीत ती ओळ अशी झाली असती: तेच २५ नग गरम मोजले, अर्ध्या तासाने पुन्हा मोजले, दोन्ही आकडे शेजारी. ही ओळ ग्राहकाकडे जाते. पुढच्या ऑडिटला माणूस येतो तेव्हा त्याने चेहरा पाहण्याआधी काम वाचलेलं असतं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

ऑडिटच्या दिवशीचंही ठरवून टाका. अजेंडा तिच्या मेलवरून जाऊ दे, दोन दिवस आधी, प्रत्येक विषयापुढे उत्तर देणाऱ्याचं नाव घालून. ओळख परेड मॅनेजरने करायची, आणि "या आमच्या अमुक" एवढ्यावर थांबायचं नाही. "बुशची तक्रार यांनी बंद केली, कंट्रोल प्लॅनचे सगळे प्रश्न यांना विचारा" असं कामासकट सांगायचं. मग मॅनेजरने तिथून उठून जायचं. तो खोलीत बसला की प्रश्न त्यालाच जाणार, कितीही ठरवलं तरी. आणि त्या ज्युनिअर मुलाला आधी सांगून ठेवा: प्रश्न आला की तिच्याकडे नुसतं बघायचं नाही, "हा विषय मॅडमचा" असं तोंडाने म्हणायचं आणि वहीत डोकं घालायचं. दोनतीनदा झालं की ऑडिटर वळतो.

एक चूक हमखास होते. मॅनेजर मदत करायच्या भरात तिचं उत्तर पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगतो. "मॅडमना म्हणायचंय की..." संपलं. ऑडिटरच्या वहीत ते उत्तर मॅनेजरच्या नावे जातं.

तिखट_मिसळ

एट-डीचं पटलं. पण एक शंका राहते. हे देखणेपणामुळेच कशावरून? बाई आहे म्हणून असेल, वय कमी म्हणून असेल. साध्या चेहऱ्याच्या मुलीलाही "साहेब कुठे" ऐकावं लागतंच की.

गोदाकाठ

योग्य शंका. एकट्या माणसाच्या बाबतीत हे सिद्ध करता येत नाही, हे आधीच मान्य करतो. प्रयोगात चेहरा बदलता येतो, कारखान्यात नाही. पण अंदाज बांधायला जागा आहे.

पहिलं, पत्रव्यवहार पाहा. जे ग्राहक तिला फक्त मेलवर ओळखतात, ते तांत्रिक प्रश्न थेट तिला पाठवतात का? आणि भेट झाल्यानंतर तेच लोक मॅनेजरला सीसीत घालायला लागतात का? तिचं बाईपण नावावरून आधीच कळलेलं असतं, भेटीत नवीन कळतो तो चेहरा आणि वय. भेटीनंतर पत्ता बदलला तर संशय त्या दोघांवर. दुसरं, प्लॅंटमध्ये साधारण त्याच वयाची आणि अनुभवाची दुसरी मुलगी असेल, तर तिच्या ऑडिटमध्ये प्रश्न कोणाकडे जातात ते मोजा. मिनिट्स लिहिणाऱ्याला सांगा, प्रत्येक प्रश्नापुढे "कोणाला विचारला" असा एक रकाना. एका ऑडिटचे तीसचाळीस प्रश्न होतात, चित्र दिसायला पुरे. दोघींनाही सारखंच टाळलं जात असेल, तर तुमचा प्रश्न देखणेपणाचा नाही, बाई असण्याचा आहे, आणि मग उपाय एका व्यक्तीपुरते ठेवून चालणार नाही.

आता तिच्या त्या वाक्याकडे येतो, कारण धाग्यात त्यावर कोणी बोललं नाही आणि मला तेच सगळ्यात मोठं ओझं वाटतं. १९८४ मध्ये मेजर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांकडून निबंध लिहून घेतला आणि विरुद्धलिंगी परीक्षकाकडून त्याचं कौतुक कळवलं. काहींना सांगितलं की परीक्षकाला तुम्ही दिसत होता, काहींना सांगितलं दिसत नव्हता. परीक्षकाने आपल्याला पाहिलंय असं समजलेल्या देखण्या लोकांनी ते कौतुक निबंधाच्या दर्जाचं म्हणून कमी धरलं. न पाहिलेल्याचं कौतुक त्यांना खरं वाटलं.

याचा अर्थ कौतुक वाया जातं. तिला आपण कुठे चांगले आणि कुठे कच्चे हेच कळत नाही. त्यात वरिष्ठ पुरुष टीका करताना हात आखडता घेतात. कोणाला चांगलं दिसायचं असतं, कोणाला "ओरडला" असं नाव नको असतं. पाच वर्षांनी तिच्या बरोबरीचा मुलगा शिव्या खाऊन पक्का झालेला असतो, आणि ही "छान, छान" ऐकत तिथेच. मग लोक म्हणतात, बघा, नुसता चेहराच होता.

गेजवाला

याला आमच्याकडे सोपा मार्ग निघू शकतो. एट-डीचे मसुदे तपासायला देताना नाव काढून, नंबर घालून द्या. दुसऱ्या प्लॅंटच्या क्वालिटीवाल्याने तपासायचे, आणि प्रत्येकावर किमान तीन उणिवा लिहायच्याच. सगळ्यांच्या, फक्त तिच्या नाही. महिन्याला चारपाच रिपोर्ट असतात, एका माणसाचा अर्धा दिवस जाईल. तिला मिळालेली लाल शाई चेहरा न बघता आलेली असेल, आणि कौतुक आलंच तर तेही.

अडचण एकच. छोट्या प्लॅंटमध्ये बुशचा रिपोर्ट कोणाचा ते नाव काढूनही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तपासणारा बाहेरचाच हवा.

पंचवटी_एक्स्प्रेस

एक गोष्ट राहिली, प्रवासाची. नाशिकहून चाकणला ग्राहकाकडे जाणं म्हणजे कंपनीच्या गाडीतून पहाटे निघून रात्री परत. शिकायला मिळतं ते तिथेच: असेंब्ली लाइनवर आपला पार्ट कसा बसतो, लाइनवाला शिव्या कशावरून घालतो. देखण्या मुलीला कुठलाही शहाणा मॅनेजर एकटीला सोबत नेत नाही, कारण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चर्चा. मग तो मुलाला नेतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण वर्षाअखेर मुलाच्या नावावर आठ व्हिजिट आणि हिच्या नावावर एक.

सातपूरकर, व्हिजिटचं रजिस्टर काढून मोजा. आणि नियम असा करा की ग्राहकाकडे कायम तिघे जातील, मॅनेजर आणि दोन इंजिनिअर, पाळीपाळीने, पाळीचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीला बोर्डावर. नियम सगळ्यांना सारखा असला की तिच्यासाठी वेगळी सोय केल्याची कुजबुज होत नाही. मॅनेजरने तिला एकेकटं बसून शिकवायचं असेल तर काचेच्या मीटिंग रूममध्ये, ठरलेल्या वेळी, इतरांनाही तसाच ठरलेला वेळ देऊन.

ओझरची_वाट

गोदाकाठ सर, मी वाचलं होतं की बाईने स्वतःच विषय काढला तर पूर्वग्रह कमी होतो. म्हणजे "मी या कामासाठी नेहमीसारखी दिसत नाही, हे मला माहीत आहे" असं मुलाखतीत म्हणायचं. खरं का?

गोदाकाठ

असा अभ्यास आहे, जॉन्सन, सिट्झमन आणि एन्ग्वेन, २०१४. बांधकामाच्या नोकरीसाठी अर्ज करणारी देखणी बाई. तिने आपल्या दिसण्याचा किंवा बाई असल्याचा उल्लेख केला, तेव्हा तिचं मूल्यमापन सुधारलं. पण ते अनोळखी माणसासमोरचं एकदाचं बोलणं होतं. रोज भेटणाऱ्या सहकाऱ्यांत ते कसं उतरेल, यावर मी पैज लावणार नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस

अंबडमध्ये तर मुळीच नको. "मी देखणी आहे हे मला माहीत आहे" असा त्याचा अर्थ संध्याकाळपर्यंत सातपूरला पोचेल. त्यापेक्षा अनुभवाचं म्हणावं: "या लाइनवर बाई पाहून तुम्हाला नवल वाटेल, पण या बोअरची मोजणी चार वर्षं मीच करतेय."

ओझरची_वाट

मला उलट वाटतं. न बोलल्याने विषय खोलीत तसाच बसून राहतो. असो, ज्याचं त्याने ठरवावं.

एक प्रश्न पुरुषांबद्दलही. देखण्या मुलांना काहीच त्रास नाही का?

गोदाकाठ

कमी, पण आहे. २०१५ च्या एका अभ्यासात निवड करणाऱ्याला तो उमेदवार सहकारी म्हणून उपयोगी पडेल असं वाटलं, तेव्हा देखण्या पुरुषाला पसंती मिळाली. तोच आपला स्पर्धक होईल असं वाटलं, तेव्हा त्याला डावललं. देखणा पुरुष हुशार समजला जातो, म्हणून धोकादायक. देखण्या बाईच्या बाबतीत गाडी हुशारीपर्यंत पोचतच नाही, हा फरक.

बारबंदी_वकील

सातपूरकर, एचआर म्हणून एक रेषा स्पष्ट ठेवा. प्रश्न न विचारणं, साहेबांना बोलावणं, हे व्यवस्थापनाने सुधारायचं आहे. पण ऑडिटरच्या "चौकशा" कॉलेजवरून फोन नंबरवर, अंगावर, कपड्यांवर गेल्या आणि तिला त्या नकोशा असतील, तर तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा विषय आहे. ऑडिटर तुमचा कर्मचारी नाही म्हणून हात झटकता येत नाहीत. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य त्या कायद्यात लिहिलेलं आहे.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. म्हणून तिला आत्ताच सांगा, तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि नेमके शब्द, एवढं त्याच दिवशी स्वतःच्या मेलवर लिहून ठेवायचं. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येतं, शब्द नंतर आठवत नाहीत.

तिखट_मिसळ

बरं, माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे. पगाराचं म्हणणं मात्र कायम. नोकरीच्या दारात तिला फायदा झालाच असणार.

गोदाकाठ

तेही ठाम नाही. इस्रायलमध्ये रफल आणि श्टुडिनर यांनी पाच हजारांवर बायोडेटा खऱ्या जाहिरातींना पाठवले होते. देखण्या पुरुषाच्या फोटोला जास्त बोलावणी आली. देखण्या बाईच्या फोटोला बिनफोटोच्या बायोडेटापेक्षा कमी. सातपूरकर, तुमच्या अर्जाच्या नमुन्यात अजून फोटोची चौकट असेल तर ती उद्याच काढा. फोटो गेटपाससाठी लागतो, निवड झाल्यावर घेता येतो.

सातपूरकर

चौकट आहे. काढतो.

व्हिजिटचं रजिस्टर आज पाहिलं. गेल्या वर्षी मुलाच्या नऊ, तिच्या दोन. मॅनेजरला दाखवलं तर तो खरोखर चकित झाला, त्याच्या लक्षातच नव्हतं. पुढच्या ऑडिटला मिनिट्समध्ये "कोणाला विचारला" हा रकाना टाकतोय. एट-डीच्या नमुन्यात बदलाला मात्र ग्राहकाची संमती लागते, फॉरमॅट त्यांचा आहे.

गेजवाला

त्यांचा फॉरमॅट तसाच राहू दे. पडताळणीचं पान जोडपत्र म्हणून लावा, जोडपत्राला कोणी ना म्हणत नाही. आणि अप्रेझल अजून बंद झालं नसेल तर ते वाक्य आत्ताच बदलून घ्या. वर्षाअखेर बंद झालेलं अप्रेझल कोणी उघडत नाही, बढतीच्या वेळी मात्र तेवढंच वाचतात.

सातपूरकर

३१ तारखेला बंद होतंय. मॅनेजर म्हणतो वाक्य बदलतो, पण "प्रभावी व्यक्तिमत्त्व" काढायला तयार नाही. म्हणतो, त्यात वाईट काय आहे?

गेजवाला

त्याला विचारा, त्या मुलाच्या अप्रेझलमध्ये ते लिहिलंय का.